रडली नाही. मी

“‘सांगू नका’ असं लिहिलं होतं ना रे अक्कानं? मग भर मांडवात सांगितलंस कशाला?”

मावशीने हे विचारलं तेव्हा सीमांतपूजनाची पंगत अर्धी उठली होती. तिच्या पानात मसालेभाताचे चार घास आणि एक आख्खी जिलबी तशीच होती. आवाजात राग नव्हता. आपल्या थोरल्या बहिणीच्या वतीने विचारावं, तसं तिने विचारलं. मी काहीतरी पुटपुटलो, तिला मठ्ठा हवा का म्हणून विचारलं आणि उठलो. पण त्या रात्री कार्यालयाच्या वरच्या खोलीत, शेजारी पाच-सहा पोरं गाद्यांवर आडवीतिडवी झोपलेली असताना, मला झोप लागेना. संध्याकाळी माझ्या भाचीसाठी मी जे बोललो ते सगळ्यांना आवडलं होतं. व्याह्यांनी मिठी मारली होती. ताई रडली होती, भाऊजी चष्मा पुसत होते. आणि तरी मावशीचं म्हणणं खरंच होतं. आईने ‘सांगू नका’ असं लिहिलं होतं आणि मी ते अडीचशे माणसांना सांगितलं होतं.

महिनाभर आधी चिमीचा फोन आला होता. “मामा, माझ्या मित्रमैत्रिणींच्या लग्नात हल्ली टोस्ट असतो. कोणीतरी उठून दोन शब्द बोलतं. आपल्याकडे तू बोल. मागे स्लाइड शो चालू असेल.” मी हो म्हणालो. आमच्याकडे ग्लास उंचावून काही करायची पद्धत नाही, पण मठ्ठ्याचे ग्लास तर असतातच. स्लाइड शोचं काम माझ्या मुलाने घेतलं होतं. त्याने दोन्ही घरांतून फोटो मागवले, ते दोनशे बारा झाले. ते एकामागोमाग लावले, प्रत्येकाला चार सेकंद दिले आणि खाली ओळी टाकल्या, ‘गोड आठवणी’, ‘बालपणीचा काळ सुखाचा’ अशा. आम्ही घरी लावून पाहिलं. चौदा मिनिटं चाललं. सहाव्या मिनिटाला ताई उठून कुकर बंद करायला गेली ती परत आलीच नाही. फोटो बहुतेक तिच्याच लेकीचे होते, आणि तरी तिचं मन धरून ठेवता आलं नाही. त्या ओळी कोणाच्याही फोटोखाली चालल्या असत्या, म्हणून त्या आमच्या फोटोंखाली चालत नव्हत्या.

म्हणून मी आप्पांचे अल्बम काढले.

आप्पांनी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात नोकरी काढली. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. सांगलीच्या आमच्या घरात खालच्या कपाटातले दोन अल्बम २०१९ च्या पुरात गेले. पाणी ओसरल्यावर ते विटेसारखे घट्ट झाले होते. फोटोवरचा जिलेटीनचा थर भिजला की मऊ होतो आणि तसाच दाबात वाळला तर समोरच्या फोटोला कायमचा चिकटतो. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सुटा केला असता, तोंड वर करून वाळवला असता, तर बरेच वाचले असते. पण त्या आठवड्यात कोणाला फोटो सुचणार? माळ्यावरचे तीन अल्बम मात्र कोरडे राहिले. त्यांत चिमी जन्मल्यापासून दहावीपर्यंतची आहे. प्रत्येक फोटोखाली आप्पांनी कागदाची पट्टी लावून काळ्या शाईत लिहिलेलं: स्थळ, तारीख, वार आणि ‘डावीकडून’ माणसांची नावं. एकही विशेषण नाही. नकाशा वाचावा तसे ते अल्बम वाचता येतात.

हे अल्बम चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असणारे. नव्वदीत घरोघरी हेच होते. वीस-पंचवीस वर्षांत त्या पानांवरच्या गोंदाच्या रेघा पिवळ्या पडून कडक होतात आणि फोटो धरून बसतात. कोपरा धरून ओढला की फोटो मोडतो, मधोमध पांढरी चीर पडते. माझा पहिला असाच गेला. मग एका फोटोवाल्याने सांगितलं ते केलं. दात साफ करायचा रेशमी दोरा घ्यायचा, तो फोटोच्या मागून कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि करवतीसारखा हलकेच पुढेमागे करत न्यायचा. अडला तर पानाच्या मागच्या बाजूने केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा, फोटोच्या तोंडावर नाही. तरी सुटला नाही तर सोडून द्यायचं, पानासकट स्कॅन करायचं. एका फोटोला पाच-सात मिनिटं लागत. स्कॅन करण्यापुरतं खरं तर फोटो काढायचीही गरज नव्हती, पण वरच्या कागदाची चमक येत होती म्हणून मी काढत गेलो. तिसरा फोटो सुटला आणि उलटा झाला. मागे आईचं अक्षर होतं.

तो बोरन्हाणाचा फोटो होता. पुढे आप्पांची पट्टी: ‘चि. चिमीचे बोरन्हाण. जानेवारी १९९७. डावीकडून सौ. ताई, चि. चिमी, विमलवहिनी.’ मागे निळ्या बॉलपेनने, आईच्या पसरट, उजवीकडे चढत जाणाऱ्या अक्षरात: ‘हलव्याचा मुकुट हिनंच खाल्ला. फोटोत आहे तो अर्धा.’ मी फोटो पुन्हा सुलटा केला. काळ्या झबल्यातलं ते बाळ आणि त्याच्या डोक्यावरचा कलता मुकुट मी कितीदा पाहिला असेल. एका बाजूची हलव्याची सर तुटलेली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग मी सगळेच फोटो उलटून पाहिले. प्रत्येकाच्या मागे नव्हतं, पण चाळीसेक फोटोंच्या मागे होतं. अल्बम आप्पा लावत, पण रोल धुऊन आला की फोटो आधी आईच्या हातात पडत. म्हणजे पट्टी लागण्याआधी तिने मागे लिहिलेलं असणार, आणि आप्पांनी ते वाचून, काही न बोलता, चिकटवून टाकलेलं असणार. एकाच फोटोला दोघांनी दोन ओळी दिल्या होत्या. आप्पांनी फोटोत काय आहे ते लिहिलं, आईने फोटोत जे आलं नाही ते.

माझं बोलणं तिथेच ठरलं. मुलाला म्हटलं, दोनशे बारा नकोत, ज्यांच्या मागे काही लिहिलंय तेवढेच घे. त्यातून एकतीस राहिले आणि ते जेवणाच्या आधी नुसते फिरत राहतील असं ठरलं. बोलण्यासाठी मी फक्त चार घेतले. चार फोटो म्हणजे पाच मिनिटं, त्याहून जास्त वेळ कोणी उभ्याने ऐकू नये असं मला वाटतं. मग बोलायची रीत हळूहळू सापडत गेली. फोटो आला की आधी पुढची ओळ पडद्यावर येणार. ती मी वाचायची नाही, लोक स्वतः वाचतात आणि त्यांच्या वाचनावर आपण बोललो की दोन्ही वाया जातं. मनातल्या मनात ती ओळ सावकाश दोनदा म्हणून व्हायची, तेवढा वेळ गप्प. नऊ-दहा शब्दांना सात-आठ सेकंद लागतात, आणि ती शांतता उभ्या माणसाला फार लांब वाटते. मग मागची ओळ येणार, तिच्यावर हसू येईल किंवा येणार नाही, आणि त्यानंतरच मी तोंड उघडायचं. कुठे किती हसतील ते आधी कळत नाही, म्हणून फोटो आपोआप पुढे जाता कामा नये. मुलगा लॅपटॉपपाशी बसेल आणि मी हातातला कागद खाली घेतला की पुढचं बटण दाबेल.

कार्यालयात आदल्या दिवशी लावून पाहिलं ते बरं झालं. तिथल्या संगणकात आमचा मराठी फॉन्ट नव्हता, सगळ्या वेलांट्या अक्षरांपासून सुटून शेजारी उभ्या राहिल्या आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले. मुलाने रात्रीतून प्रत्येक ओळ फोटोतच चित्र म्हणून बसवली, मग कुठल्याही यंत्रावर अक्षर मोडायचा प्रश्न राहिला नाही. आईची ओळ तर आम्ही टाइपच केली नाही. फोटोची मागची बाजूच स्कॅन करून लावली, तिच्या अक्षरासकट. आणि सगळ्या ओळी खालून उचलून वर नेल्या, कारण खालचा भाग पुढच्या रांगेतल्या फेट्यांमागे जाणार होता.

मुलाकडच्यांनी एकोणीस फोटो पाठवले होते, एकाखालीही काही लिहिलेलं नव्हतं. विहीणबाईंना मी फोन केला. पहिल्यांदा मी विचारलं, यात कोण कोण आहे? त्यांनी नावं सांगितली, आणि नावांवर काही बोलता येईना. मग मी वेगळं विचारलं, हा फोटो काढून झाल्यावर लगेच काय झालं? तिकडून त्या हसल्या आणि पुढची चाळीस मिनिटं बोलत राहिल्या. त्यातला एक फोटो मी घेतला: चिपळूणजवळच्या त्यांच्या गावचं अंगण, सात वर्षांचा मुलगा आणि त्याच्या दोन्ही हातांच्या कवेत त्याच्याएवढा फणस. विहीणबाई म्हणाल्या, “त्याला तो उचलता येत नव्हता. पण ठेव म्हटलं तरी ठेवीना. शेवटी आजोबांनी फणसासकट त्यालाच उचलून घरात आणलं.” ही ओळ त्यांनी सांगितली तशीच मी पडद्यावर घातली. मांडवात ती आली तेव्हा मुलाकडची सगळी बाजू हसली आणि नवरदेवाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या क्षणापर्यंत दोन बाजू दोन बाजूंना बसल्या होत्या.

तिसरा फोटो २००५ च्या पुरातला. आयर्विन पुलाकडे तोंड करून गच्चीवर उभी असलेली नऊ वर्षांची चिमी, छातीशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. पुढे: ‘कृष्णेचे पाणी. ऑगस्ट २००५.’ मागे: ‘दप्तर आण म्हटलं, मांजर आणलं. दप्तर गेलं.’ यावर मी काही बोललोच नाही, नवरदेवाकडे बघून नुसता कागद खाली घेतला.

राहिला चौथा. पुढे आप्पा: ‘चि. चिमी. शाळेचा पहिला दिवस. १२ जून २०००, सोमवार.’ निळा फ्रॉक, पांढरा मोजा घोट्यावर घसरलेला, मागे शाळेचं लोखंडी पत्र्याचं गेट. मागच्या बाजूला आईने लिहिलं होतं: ‘चिमीचा पहिला दिवस. रडली नाही. मी’

बस, एवढंच. ‘मी’च्या पुढे पूर्णविरामही नाही.

आठ दिवस मी त्या ‘मी’पाशी अडलो होतो. आई असं अर्धं सोडणारी नव्हती. भांडी घासताना कोणी हाक मारली तरी हातातलं पातेलं पुरतं घासून मग ओ देणारी ती बाई. मला वाटलं, ‘मी रडले’ लिहायचं असेल आणि तिला लाज वाटली असेल. बोलताना तेच म्हणावं असंही मी ठरवलं होतं, आणि ते चाललं असतं, लोकांचे डोळेही ओले झाले असते. मग एके दिवशी संध्याकाळी खिडकीशी तो फोटो हातात तिरपा धरला होता तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला, गेटाच्या करड्या पत्र्यावर, बारीक उंचवटे दिसले. उलटी अक्षरं होती ती. मागून बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे अक्षर उठतं, हे बऱ्याच जुन्या फोटोंवर दिसतं. पण हे उंचवटे जिथे ‘मी’ संपत होता त्याच्या पुढेही जात होते. त्या काळातले रंगीत फोटो प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदावर छापलेले असत. त्याच्या गुळगुळीत पाठीवर बॉलपेनची शाई नीट धरत नाही, मध्येच तुटते. पण टोक रुततंच. आईने वाक्य सोडलं नव्हतं. शाई तुटली होती, ती लिहीत गेली होती. बहुतेक तिला चष्म्याशिवाय ते दिसलंही नसेल.

रात्री दिवे घालवले. फोटो पालथा टेबलावर ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून, बाजूने उजेड टाकला. वरून टाकलेल्या उजेडात काहीच दिसत नाही, आडव्या उजेडात प्रत्येक खाचेला सावली पडते. डावीकडून उभ्या रेघा उमटल्या, वरून टाकला तेव्हा शिरोरेषा. चारही बाजूंनी एकेक फोटो काढून ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पेन्सिल आडवी घासून अशी अक्षरं उठवता येतात हे लहानपणी आम्ही सगळ्यांनी वहीवर केलंय, पण एकदा घासलं की ते परत पुसता येत नाही, म्हणून त्या मोहात पडलो नाही. तासाभराने वाचता आलं.

‘मी सुटेपर्यंत गेटाशीच थांबले. तिला सांगू नका.’

मी तिथेच बसून राहिलो. सगळ्यांत जास्त मी त्या ‘नका’वर थांबलो. आई आप्पांना ‘अहो’ म्हणायची, तेव्हा हा ‘नका’ एकट्या आप्पांना असू शकतो. फोटो त्यांच्याकडेच चिकटवायला जाणार होता. तसं असेल तर हे नवराबायकोतलं बोलणं होतं आणि मी ते चोवीस वर्षांनी दाराआडून ऐकत होतो. किंवा तो ‘नका’ आम्हा सगळ्यांना असेल, पुढेमागे जो कोणी हा फोटो उलटेल त्या प्रत्येकाला. मराठीत एकाला मान दिला काय आणि अनेकांना सांगितलं काय, शब्द एकच. विचारायला दोघंही नाहीत. आप्पा २०११ मध्ये गेले, आई त्यानंतर तीन वर्षांनी.

मांडवात चौथा फोटो आला. पुढची ओळ, शांतता. मग मागची ओळ, आणि ‘मी’पाशी सगळे थबकले. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच “पुढे?” म्हणालेलंही मला ऐकू आलं. मी सांगितलं शाई कशी तुटली होती ते, आणि मग ती दोन वाक्यं सांगितली. नंतर नवरदेवाला म्हणालो, “जावईबापू, आमच्या घरात कोणी कोणाला फारसं काही सांगत नाही. चिमीही सांगणार नाही. पण या घरात कोणीतरी गेटाशी थांबलेलं असतं. उद्यापासून तुम्हीही या घरातले. तुम्ही तो फणस खाली ठेवला नाहीत हे आम्हाला कळलंय, तिने मांजर आधी उचललं हे तुम्हाला कळलंय. दोघं सुखात राहा.” मी मठ्ठ्याचा ग्लास उचलला, सगळ्यांनी उचलले. चिमीने उचलला नाही. ती पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

मावशीचा प्रश्न ऐकल्यावर तोच चेहरा रात्रभर डोळ्यांसमोर राहिला. आजीने तिच्यापासून जे जपलं ते मी तिला सासरच्या माणसांसमोर ऐकवलं. आधी एकटीला बोलावून सांगता आलं असतं. मला सुचलं नाही असं म्हणता येणार नाही. सुचलं होतं, पण सांगितलं तर मांडवातला तो क्षण जाईल म्हणून मी थांबलो होतो.

सकाळी मुहूर्ताला अर्धा तास असताना मला आत बोलावलं. पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून चिमी गौरीहरापाशी बसली होती. पाटावर अन्नपूर्णा, समोर तांदळाची रास. ती चिमटीने थोडे थोडे तांदूळ वाहत होती. गुरुजींची हाक आली की मामाने तिला मांडवात न्यायचं, म्हणून मी शेजारी टेकलो. खोलीत उदबत्तीचा आणि नव्या साडीच्या खळीचा वास होता. मी म्हणालो, “काल मी तुला आधी विचारायला हवं होतं.”

तिने तांदूळ वाहायचे थांबवले नाहीत. “मामा, मला माहीत होतं.”

“काय?”

“त्या गेटाच्या खाली वीतभर फट होती. त्यातून आजीच्या इरकली लुगड्याचा काठ दिसायचा. आणि तिची ती अंगठा शिवलेली चप्पल. पहिले तीन दिवस दिसला. म्हणून तर मी रडले नाही.” मग थोडं थांबून म्हणाली, “चौथ्या दिवशी नव्हता. त्या दिवशी खूप रडले, बाईंनी मांडीवर घेतलं. पण घरी सांगितलं नाही.”

“आजीलाही नाही?”

“तिने कुठे सांगितलं होतं?”

बाहेर मंगलाष्टकांची जुळवाजुळव चालली होती, कोणीतरी माइकवर टिचकी मारत होतं. चिमी म्हणाली, “तो फोटो मी घेऊन जाणार आहे. परत चिकटवू नकोस. आणि मागे त्या कोऱ्या जागेवर कोणी पेन फिरवायचं नाही हं, सगळ्यांना सांग.” मी हो म्हणालो. तेवढ्यात गुरुजींची हाक आली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तिने ओंजळीतले उरलेले तांदूळ अन्नपूर्णेवर वाहिले आणि उठण्यासाठी माझा हात धरला. तिच्या तळव्याला चिकटलेले दोन-चार दाणे माझ्या हाताला लागले. दाराशी मावशी उभी होती, तिने बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.